बारा स्क्वॅट, आधी पंधरा, मग अकरा

व्हिडिओ ५२ सेकंदांचा. फोन उभा, जमिनीवर बाटलीला टेकवलेला. समोर एक मुलगी कॅमेऱ्याकडे उजवी बाजू करून उभी आहे आणि वजन न घेता स्क्वॅट मारते आहे. तिच्या कोच दुरून शिकवतात. शिकणारे सेट रेकॉर्ड करून पाठवतात, कोच रात्री बसून प्रत्येक व्हिडिओ बघतात आणि किती रेप, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं, झाले, त्यातले किती पूर्ण खाली गेले ते वहीत लिहितात. हे मोजण्याचं काम प्रोग्रामने करावं म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, आणि हा तिला मिळालेला पहिला खरा व्हिडिओ होता.

कोचच्या वहीत १२ रेप होते. त्यांतले आठवा आणि अकरावा अर्धवट, बाकीचे दहा पूर्ण. स्क्रिप्टने सांगितलं १५, आणि तेही सगळे पूर्ण.

स्क्रिप्टची रचना साधी होती. मीडियापाइप पोज हे मॉडेल प्रत्येक फ्रेममध्ये शरीराचे ३३ बिंदू देतं. उजव्या पायासाठी खुबा हा २४ क्रमांकाचा, गुडघा २६ आणि घोटा २८. या तिघांमधून गुडघ्याचा कोन निघतो. सरळ उभं असताना तो १८० च्या आसपास असतो आणि खाली बसताना कमी होत जातो. कोन १०० च्या खाली गेला की ‘खाली’, पुन्हा १०० च्या वर आला की ‘वर’ आणि एक रेप जमा. ऑनलाइन ट्यूटोरियलमध्ये असंच दाखवतात, आणि समोर उभं राहून आपणच करून पाहिलं तर ते चालतंही.

अर्धवट रेप पूर्ण का दिसले

जास्तीच्या तीन रेपपेक्षा मला आठव्या आणि अकराव्या रेपची काळजी जास्त वाटली. व्हिडिओत तर उघड दिसत होतं की मांडी जेमतेम ४५ अंशांपर्यंत उतरली आहे. तरी स्क्रिप्टच्या नोंदीत त्या रेपचा सर्वांत लहान कोन ९५ होता. म्हणून आठव्या रेपच्या तळाची फ्रेम काढली, प्रतिमेवर तीन बिंदू ठेवले आणि हाताने हिशेब केला.

बिंदू अगदी जागेवर होते. गुडघ्यापासून खुबा १७० पिक्सेल मागे आणि १७० पिक्सेल वर. घोटा ६० पिक्सेल मागे आणि २३२ पिक्सेल खाली. या आकड्यांवरून कोन येतो सुमारे १२०. स्क्रिप्टला ९५ कुठून मिळाले?

मॉडेल जे x आणि y देतं ते पिक्सेल नसतात. x हा रुंदीचा भाग असतो आणि y हा उंचीचा, दोन्ही ० ते १ मध्ये. हा व्हिडिओ १०८० रुंद आणि १९२० उंच होता. म्हणजे आडव्या दिशेचं ०.१ म्हणजे १०८ पिक्सेल, तर उभ्या दिशेचं ०.१ म्हणजे १९२ पिक्सेल. हे आकडे तसेच कोनाच्या सूत्रात घातले की माणूस उभ्या दिशेने चेपून बुटका केल्यासारखं होतं, आणि चेपलेल्या माणसाचा गुडघा जास्त वाकलेला भासतो. हाच अर्धा स्क्वॅट फोन आडवा धरून घेतला असता तर उलट झालं असतं. तेच बिंदू घेऊन १९२० रुंद आणि १०८० उंच फ्रेमचा हिशेब केला तर कोन १४२ येतो. एकच शरीर, एकच क्षण आणि फोन कसा धरला यावरून ९५ किंवा १४२. खरा कोन १२०.

ही चूक सहसा लपून राहते, कारण सरळ उभ्या माणसाचा कोन कसाही मोजला तरी १८० च्या जवळच येतो. शिवाय उभ्या व्हिडिओत आकडे नेहमी ‘छान खोल’ दिशेने चुकतात, त्यामुळे तक्रार करायला कोणी येत नाही. उपाय दोन गुणाकारांचा आहे.

```python
def angle(a, b, c, w, h):
    ax, ay = (a.x - b.x) * w, (a.y - b.y) * h
    cx, cy = (c.x - b.x) * w, (c.y - b.y) * h
    d = abs(math.degrees(math.atan2(ay, ax) - math.atan2(cy, cx)))
    return 360 - d if d > 180 else d
```

अकरा हा आकडा बरोबर वाटला, पण नव्हता

दुरुस्ती करून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आता ११ आले. १५ वरून ११, आणि खरे १२. कोणालाही वाटेल की आता एकच राहिला. मलाही तसंच वाटलं, आणि मर्यादा १०० ची ११० करून बघावी असं मनात आलं होतं.

तेवढ्यात कोचनी एक काम केलं, ज्याने पुढचे दोन दिवस वाचले. त्यांनी प्रत्येक रेपचा तळ कितव्या सेकंदाला येतो ते लिहून पाठवलं. मी स्क्रिप्टचे तळ त्यांच्या शेजारी ठेवले आणि अर्ध्या सेकंदाच्या आत जुळणाऱ्या जोड्या लावल्या. जुळले फक्त दहा. आठवा आणि अकरावा रेप स्क्रिप्टच्या यादीत नव्हताच, आणि यादीतला पहिला रेप वहीत नव्हता. म्हणजे दोन गाळलेले, एक खोटा. बेरजेत ते एकमेकांना झाकत होते. एकूण आकडा जुळवत बसलं असतं तर मर्यादा इकडेतिकडे सरकवून १२ आणता आले असते आणि पुढच्याच व्हिडिओत पुन्हा तोंडावर पडायला झालं असतं. तेव्हापासून मी बेरीज तपासत नाही, जोड्या तपासते.

आठवा आणि अकरावा का गेला हे सरळ होतं. त्यांचा खरा कोन १२० होता, तो १०० च्या खाली कधी उतरलाच नाही. स्क्रिप्टच्या दृष्टीने मुलगी त्या वेळी उभीच होती. कोचनी विचारलं, “तिने अर्धा मारला हेच तर मला तिला सांगायचंय. तुमच्या यादीत तो नसेलच तर मी काय दाखवू?” त्यांच्या या प्रश्नाने सगळी रचना बदलली. रेप झाला का, हा एक प्रश्न आणि रेप चांगला झाला का, हा दुसरा. मी दोन्हींसाठी एकच मर्यादा वापरत होते. मोजणी सैल हवी म्हणजे प्रत्येक प्रयत्न तिच्यात येईल, आणि पारख कडक हवी. १०० हा आकडा दोन्ही कामं करायला गेला आणि दोन्ही बिघडली.

आधीच्या १५ मधले बाकीचे जास्तीचे रेप कुठे गेले, हेही पाहायला हवं होतं, कारण मी त्यांच्यासाठी काहीच केलं नव्हतं. नववा रेप मुलगी दमून सावकाश वर येत होती. चेपलेल्या हिशेबात तिचा कोन १०० पाशीच रेंगाळला: ९८, १०१, ९९, १०२. प्रत्येक चढउतारात एक रेप जास्तीचा धरला जातो. सहाव्या रेपला वेगळंच घडलं होतं. कोणता पाय कॅमेऱ्याला जास्त स्पष्ट दिसतो हे स्क्रिप्ट दर फ्रेमला मॉडेलच्या `visibility` आकड्यावरून ठरवत होती. मुलगी किंचित तिरकी उभी होती, त्यामुळे पलीकडच्या पायाचा कोन तेरा अंशांनी वेगळा दिसत होता. वर येताना दोन फ्रेमपुरता तो पाय निवडला गेला आणि कोन ९६ वरून १०९ वर उडून परत खाली आला. खरे पिक्सेल वापरल्यावर हे दोन्ही गडबडीचे क्षण १२० च्या पुढे सरकले, १०० च्या रेषेपासून दूर. दोष होते तिथेच होते. फक्त रेषा त्यांच्यावरून बाजूला झाली होती.

आणि यादीतला तो खोटा पहिला रेप? मुलगी फोनपुढे उकिडवी बसून रेकॉर्डिंग सुरू करते, उठते आणि मागे चालत जाते. गुडघ्याच्या कोनाला विचाराल तर तो नमुनेदार स्क्वॅट आहे.

नवी मोजणी

आधी पाय कायमचा ठरवला. पूर्ण व्हिडिओभर उजव्या आणि डाव्या पायाच्या `visibility`ची सरासरी काढायची आणि जो जास्त तो शेवटपर्यंत. मग कोनांच्या मालिकेवर पाच फ्रेमचा मीडियन फिल्टर, म्हणजे लगतच्या पाच कोनांपैकी लहान-मोठ्या क्रमातला मधला घ्यायचा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे सेकंदाचा सहावा हिस्सा होतं. एक-दोन फ्रेमपुरते उडालेले बिंदू त्यात पुसले जातात.

इथे आधी मी एका सेकंदाची सरासरी लावून पाहिली होती. आलेख रेशमासारखा गुळगुळीत झाला, मोजणी जुळली आणि खोलीचे आकडे गेले. या मुलीचा एक रेप साधारण २.४ सेकंदांचा होता. कोन १७१ वरून ६८ ला जाऊन परत येत असेल, तर एका सेकंदाच्या सरासरीत तळ ६८ ऐवजी ८१ दिसतो, कारण सरासरी तळाच्या आजूबाजूचे मोठे कोन त्यात मिसळते. रेप जितका झपाझप, तितका तो उथळ दिसणार. मीडियनच्या छोट्या खिडकीत ही झीज नगण्य असते.

मर्यादा आता एक नाही, दोन ठेवल्या, आणि त्या त्या माणसाच्या उभं राहण्यावरून. ही मुलगी सरळ उभी असताना कोन १७१ येत होता. कोणाचा १७६ येईल, कोणी गुडघे जरा सैल ठेवून उभं राहील तर १६५. पहिल्या दोन सेकंदांवरून हा आकडा घ्यायचा बेत होता, पण पहिले दोन सेकंद ती उकिडवी बसलेली होती. म्हणून पूर्ण व्हिडिओतल्या कोनांचा ९० वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली ९० टक्के कोन येतात तो आकडा, घेतला. खालच्या कोडमध्ये तो `stand` आहे, आणि `k` हा त्या फ्रेमचा गुडघ्याचा कोन. दोन रेपच्या मधे ती थांबते, तेवढ्या फ्रेम त्याला पुरतात.

```python
if state == "up" and k < stand - 40:
    state, start = "down", i
elif state == "down" and k > stand - 15:
    state = "up"
    reps.append((start, i))
```

या व्हिडिओत १३१ च्या खाली गेलं की खाली, आणि १५६ च्या वर आलं तरच वर. मधल्या २५ अंशांत कितीही थरथरलं तरी स्थिती बदलत नाही. अर्धे रेप १२० पर्यंत जातात, म्हणून तेही सापडतात. नुसता श्वास घेताना गुडघे १५०-१४० पर्यंत सैल होतात, ते सापडत नाहीत आणि सापडायला नकोतच. `stand - 15` ची जागा जपून ठरवावी लागली. फार वर ठेवली, तर दमलेला माणूस पूर्ण ताठ न होता पुढचा रेप सुरू करतो तेव्हा दोन रेपचा एक होतो.

राहिला उकिडवं बसण्याचा प्रश्न. स्क्वॅटमध्ये पाऊल हलत नाही, एवढीच खूण पुरली. प्रत्येक रेपच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत घोटा किती सरकला ते बघायचं. नडगीच्या लांबीच्या पाव भागापेक्षा जास्त सरकला तर तो रेप नाही. सोबत आणखी एक तपास: फोनजवळ बसलेली असताना तिची पावलं फ्रेमच्या बाहेर होती, तरी मॉडेल घोट्याचा y १.०८ असा देतच होतं. फ्रेममध्ये नसलेला सांधाही ते अंदाजाने ठेवून देतं आणि त्यावरून कोन व्यवस्थित निघतो. ० ते १ च्या बाहेरचा बिंदू म्हणजे पाहिलेला बिंदू नव्हे. तिघांपैकी एकही तसा असेल तर तो रेप बाद, पण कारण लिहून बाद. कोचना बाद झालेल्यांची यादीही दिसते.

बारा आले. बाराच्या बारा जोड्या जुळल्या.

पुरेसं खाली म्हणजे किती

पॉवरलिफ्टिंगच्या नियमात खोलीची कसोटी गुडघ्याचा कोन नसते. खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली जायला हवा. कोचही तेच पाहतात. गुडघ्याच्या कोनात नडगी किती पुढे झुकली तेही मिसळलेलं असतं. ज्याचा घोटा लवचीक आहे त्याचा कोन त्याच खोलीला लहान दिसतो. म्हणून पारखीसाठी गुडघ्याचा कोन सोडला आणि मांडीची रेषा आडव्या रेषेशी किती अंश करते ते घेतलं, रेपच्या सर्वांत खालच्या फ्रेमवर.

चौथा रेप घेऊ. तळाच्या फ्रेममध्ये गुडघ्यापासून खुबा २४० पिक्सेल मागे आणि १० पिक्सेल खाली. मांडी आडव्याच्या दोन अंश खाली, गुडघ्याचा कोन ६८. कागदावर हा पूर्ण रेप आहे. पण मांडी साधारण ४० सेंटीमीटर धरली तर १० पिक्सेल म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर, आणि निकाल तेवढ्यावर लटकलेला.

आता फोन कुठे होता ते आठवा. जमिनीवर. गुडघे बाहेर काढून बसताना जवळचा गुडघा कॅमेऱ्याकडे येतो आणि खुबा मागे राहतो. समजा कॅमेरा १० सेंटीमीटर उंचीवर, गुडघा त्याच्यापासून २ मीटरवर आणि खुबा आणखी १५ सेंटीमीटर लांब. खुबा आणि गुडघा दोन्ही जमिनीपासून नेमके ५० सेंटीमीटरवर असले, तरी लांबचा बिंदू चित्रात कॅमेऱ्याच्या उंचीकडे ओढला जातो आणि खुबा जवळपास ३ सेंटीमीटर खाली दिसतो. म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर खाली दिसणारा चौथा रेप प्रत्यक्षात गुडघ्याच्या वर थांबलेला असू शकतो. शिवाय मॉडेलचा बिंदू सांध्याच्या आत कुठेतरी असतो, नियम मात्र मांडीच्या पृष्ठभागाबद्दल बोलतो.

म्हणून निकाल तीन ठेवले: पूर्ण, अर्धवट आणि सांगता येत नाही. मांडी आडव्याच्या पाच अंशांच्या आत, वर किंवा खाली, असेल तर तिसरा. ४० सेंटीमीटरच्या मांडीवर पाच अंश म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, जमिनीवरच्या फोनची चूक त्यात मावते. या व्हिडिओत आठ रेप पूर्ण, दोन अर्धवट आणि चौथा व दहावा ‘सांगता येत नाही’. कोचना मी त्या दोन फ्रेम थांबवून पाठवल्या. चौथ्याला त्या पूर्ण म्हणाल्या, आणि दहाव्यापाशी बराच वेळ थांबून म्हणाल्या, “हा मी घाईत पूर्ण लिहिलाय.”

फॉर्मबद्दल त्यांना आणखी दोन गोष्टी हव्या होत्या, आणि दोन्हींना मी नाही म्हटलं. गुडघे आत पडतात का, हे बाजूने घेतलेल्या व्हिडिओत दिसतच नाही. मॉडेल प्रत्येक बिंदूला z देतं खरं, पण तो एकाच कॅमेऱ्यावरून केलेला अंदाज असतो, आणि पलीकडचा गुडघा तर झाकलेला. त्यासाठी समोरून वेगळा व्हिडिओ हवा. दुसरी गोष्ट म्हणजे कंबर गोल होते का. ३३ बिंदूंमध्ये खांदा आहे, खुबा आहे आणि त्यांच्यामध्ये पाठीवर एकही बिंदू नाही. ताठ पाठ आणि कमरेत गोल झालेली पाठ, दोन्हींची खांदा-खुबा रेषा तीच येऊ शकते. त्या रेषेवरून धड किती झुकलं एवढंच कळतं. झुकण्याला गोल होणं म्हणून दाखवलं, तर लांब मांडीच्या माणसाला, ज्याला झुकावंच लागतं, रोज उगाच बोल लावला जाईल. ही पारख कोचच्या डोळ्यांकडेच ठेवली. स्क्रिप्ट फक्त तळाच्या बारा फ्रेम ओळीने मांडून देते.

पुढच्या आठवड्यात मुलीने फोन गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवला. कॅमेरा त्या उंचीवर असला की तिथला बिंदू जवळ असो की लांब, चित्रात त्याच रेषेवर दिसतो, त्यामुळे ती ३ सेंटीमीटरची ओढ उरत नाही. फक्त फोन डावी-उजवीकडे कललेला नको. रेकॉर्डिंग सुरू करायला तिला उकिडवंही बसावं लागलं नाही. त्या सेटमध्ये पुन्हा बारा रेप होते: दहा पूर्ण, एक अर्धवट, आणि शेवटच्या रेपला मांडी आडव्याच्या तीन अंश वर. स्क्रिप्टने तिथे ‘सांगता येत नाही’ लिहिलं. कोचनी फ्रेम मोठी करून पाहिली आणि वहीत अर्धवट लिहिलं.